पिन दोनवरचे शून्य: इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर आणि व्हर्च्युअल ग्राउंडचा आढावा

सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा असो किंवा पॉलिटेक्निकची ‘लिनियर इंटिग्रेटेड सर्किट्स’ची, इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर हा ठरलेला प्रश्न. आकृती काढा, गेनचे सूत्र सिद्ध करा, व्हर्च्युअल ग्राउंड म्हणजे काय ते लिहा. बार्शी, सांगोला, अक्कलकोटहून येणारी मुले हे उत्तर पाठ करून येतात आणि आकृती बहुतेकांची बरोबर असते. गडबड होते ती एका वाक्यात. ‘आयडियल ऑप-अ‍ॅम्पची गृहीतके’ या मथळ्याखाली अनंत गेन, अनंत इनपुट रेझिस्टन्स, शून्य आउटपुट रेझिस्टन्स असे लिहीत लिहीत शेवटी ‘व्हर्च्युअल ग्राउंड’ हेही एक गृहीतक म्हणून येते. ते गृहीतक नाही. ते एका विशिष्ट जोडणीतून निघणारे फळ आहे आणि जोडणी बिघडली की ते नाहीसे होते. हा फरक समजला की या प्रकरणातले बहुतेक अवघड प्रश्न सुटतात, म्हणून आढावा त्याच धाग्याने घेतो.

सगळ्या आकडेमोडीसाठी एकच सर्किट धरू. प्रयोगशाळेत हाताशी असणारा ७४१, ड्युअल पॉवर सप्लायवरून अधिक-उणे १५ व्होल्ट, सात नंबरच्या पिनला अधिक, चारला उणे. तीन नंबरची पिन, म्हणजे नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट, ग्राउंडला. सिग्नल १० के मधून दोन नंबरला, आणि आउटपुटच्या सहा नंबरपासून दोन नंबरपर्यंत १०० के. पहिल्याला R1 म्हणू, दुसऱ्याला Rf. इनपुटला अर्धा व्होल्ट डीसी दिला.

पाठ केलेले उत्तर असे चालते. पिन दोन शून्य व्होल्टला आहे, म्हणून R1 मधून अर्धा व्होल्ट भागिले १० के, म्हणजे ५० मायक्रोअ‍ॅम्पिअर करंट जातो. ऑप-अ‍ॅम्प आत काही घेत नाही, म्हणून तोच करंट Rf मधून जातो. तिथे ५ व्होल्टचा ड्रॉप होतो आणि आउटपुट उणे ५ व्होल्ट मिळते. गेन उणे १०, म्हणजे -Rf/R1. यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण पिन दोन शून्यावर का बसली, हे यात कुठेच आलेले नाही. ती ग्राउंडला जोडलेली नाही. तिला शून्यावर कोणीतरी धरून ठेवले आहे, आणि ते काम आउटपुटला करावे लागते.

या बिंदूचे महत्त्व आयसी येण्याच्या आधीपासूनचे आहे. निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना बेल लॅब्जमधल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचली. ‘ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर’ हे नाव जॉन रॅगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४७ च्या लेखातून रूढ झाले. तेव्हा हे अ‍ॅम्प्लिफायर व्हॅक्यूम ट्यूबचे होते आणि त्यांचे काम अ‍ॅनालॉग कॉम्प्युटरमध्ये बेरीज, इंटिग्रेशन अशा गणिती क्रिया करण्याचे. अनेक ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरना एकच इनपुट असे आणि तेही इन्व्हर्टिंग. वेगवेगळे सिग्नल आपापल्या रेझिस्टन्समधून एका बिंदूवर आणायचे आणि तो बिंदू शून्यावर राहतो म्हणून कोणताही सिग्नल दुसऱ्याला धक्का न लावता त्यांची बेरीज होते, अशी ती रचना. आज अभ्यासक्रमात समिंग अ‍ॅम्प्लिफायर ‘उपयोग’ म्हणून मागाहून येतो. प्रत्यक्षात शून्यावर धरलेला बिंदू हवा होता तो मुख्यतः बेरजेसाठीच. फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलगर यांनी केलेला ७४१ आला १९६८ मध्ये. त्याची एक खूण इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तिची गरज पडेल: स्थैर्यासाठी लागणारा सुमारे ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर त्यांनी चिपच्या आतच घातला.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा विषय तीन वाटांनी भेटतो. मॅल्व्हिनो यांच्या पुस्तकाची वाट सर्वांत सोपी. ते व्हर्च्युअल ग्राउंडला अर्धेच ग्राउंड मानतात: व्होल्टेजच्या दृष्टीने शॉर्ट, करंटच्या दृष्टीने ओपन. हे चित्र लक्षात राहते, म्हणून तोंडी परीक्षेत तेच ऐकू येते. होरोविट्झ आणि हिल यांचे ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ दोन नियम देते. त्यातला पहिला नियम मुद्दाम असा घातला आहे की आउटपुट, दोन इनपुटमधला फरक शून्य करण्यासाठी जे लागेल ते करते. इथे कर्ता आउटपुट आहे, आणि मला हे शब्दांचे वळण फार मोलाचे वाटते. तिसरी वाट रमाकांत गायकवाड यांच्या ‘ऑप-अ‍ॅम्प्स अँड लिनियर इंटिग्रेटेड सर्किट्स’ची. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक चांगले ओळखीचे आहे. ते या सर्किटकडे व्होल्टेज-शंट फीडबॅक म्हणून पाहते आणि मर्यादित गेन धरून सूत्र काढते. वेळ थोडा जास्त लागतो, पण परीक्षेला जाणाऱ्याने ही वाट एकदा तरी स्वतःच्या हाताने चालून पाहावी.

ती वाट अशी. पिन दोनचे व्होल्टेज शून्य धरायचे नाही. त्याला V2 म्हणायचे. ऑप-अ‍ॅम्पचा स्वतःचा, म्हणजे ओपन लूप गेन A. दोनच समीकरणे लागतात:

(Vi - V2)/R1 = (V2 - Vo)/Rf

Vo = -A·V2

दुसऱ्यातून V2 काढून पहिल्यात घातले की मिळते:

Vo/Vi = -(Rf/R1) / [1 + (1/A)(1 + Rf/R1)]

७४१ चा ओपन लूप गेन साधारण २ लाख. आपल्या सर्किटात 1 + Rf/R1 म्हणजे ११. अकरा भागिले दोन लाख म्हणजे ०.००००५५. गेन १० ऐवजी ९.९९९४५ आला. आपले रेझिस्टन्स ५ टक्के टॉलरन्सचे, सोनेरी पट्टीचे असतात, त्यामुळे हा फरक कधी दिसणारही नाही. आता त्याच समीकरणातून V2 पाहू. आउटपुट उणे ५ व्होल्ट, भागिले दोन लाख: २५ मायक्रोव्होल्ट. पिन दोन शून्यावर नाही, शून्यापासून २५ मायक्रोव्होल्टवर आहे, आणि तेवढे असलेच पाहिजे, नाही तर आउटपुटला उणे ५ व्होल्टवर ठेवणारे काहीच उरणार नाही. ‘व्हर्च्युअल’ हा शब्द याच २५ मायक्रोव्होल्टसाठी आहे. A अनंत धरला की ते शून्य होतात. उत्तरपत्रिकेत क्रम असाच लिहावा: आधी गृहीतक A अनंत, मग निगेटिव्ह फीडबॅक, आणि त्यांचा परिणाम म्हणून V2 शून्य.

या सूत्रातली ११ ही संख्या नीट लक्षात ठेवावी. गेन १० आहे, पण चूक मोजणारा आकडा ११ आहे. आउटपुटचा जो हिस्सा परत पिन दोनवर येतो तो R1/(R1+Rf), म्हणजे अकरावा भाग. पुढे बँडविड्थ असो की ऑफसेट, जिथे जिथे ऑप-अ‍ॅम्पचा दोष आउटपुटवर येतो तिथे हाच ११ येतो. गेन ‘१०’ घेऊन बँडविड्थ काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. गेन उणे १ असलेल्या इन्व्हर्टरमध्ये तर ही चूक दुपटीची होते: १ मेगाहर्ट्झच्या ७४१ ला तिथे बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ मिळत नाही, अर्धा मिळतो, कारण 1 + Rf/R1 तिथे २ आहे.

आता पिना उलट जोडू. सिग्नल आणि Rf दोन्ही पिन तीनवर, आणि पिन दोन ग्राउंडला. ब्रेडबोर्डवर ही चूक सहज होते. गंमत अशी की ‘दोन्ही इनपुट समान’ हा नियम लावून कागदावर सोडवले, तर उत्तर तेच येते, उणे १०. अचूक सूत्रातही छेदात अधिकच्या जागी उणे येते एवढेच, आणि A मोठा असल्यावर तेही उणे १० कडेच जाते. गणित विरोध करत नाही. सर्किट मात्र अधिक १३ किंवा उणे १३ व्होल्टला जाऊन अडकून बसते.

का, ते एका छोट्या हालचालीवरून कळते. बरोबर जोडणीत आउटपुट कशानेतरी एक मिलिव्होल्ट वर सरकले असे समजा. त्याचा अकरावा भाग, ०.०९ मिलिव्होल्ट, पिन दोनवर येतो. पिन दोन वर गेली म्हणून आउटपुट खाली ओढले जाते. हालचाल दबते. उलट्या जोडणीत तोच ०.०९ मिलिव्होल्ट पिन तीनवर येतो आणि दोन लाखाने गुणला जाऊन आउटपुटला आणखी १८ व्होल्ट वर जायला सांगतो. ते सप्लायला टेकेपर्यंत थांबत नाही. मग इनपुट उलट दिशेने सुमारे १.३ व्होल्टच्या पलीकडे नेल्याशिवाय ते परत फिरत नाही. हा अ‍ॅम्प्लिफायर राहिला नाही, श्मिट ट्रिगर झाला. दोन्ही इनपुट समान मानण्याआधी फीडबॅक निगेटिव्ह आहे ना, हे आकृतीत पाहून घ्यायचे ते यासाठी. परीक्षक मुद्दाम अधिक-उणे चिन्हे बदलून प्रश्न देतात, आणि सवयीने उणे Rf भागिले R1 लिहिणारे तिथे अडकतात.

बरोबर जोडणीतही ते शून्य तयार व्हायला वेळ लागतो. फंक्शन जनरेटरवर १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह लावा, शून्य ते अर्धा व्होल्ट. सीआरओचा एक प्रोब आउटपुटला आणि दुसरा पिन दोनला लावा. इनपुट एकदम अर्ध्या व्होल्टला उडी मारते. आउटपुट त्या क्षणी अजून शून्यावरच आहे. म्हणजे पिन दोन ही फक्त १० के आणि १०० के यांच्यामधला व्होल्टेज डिव्हायडर आहे, आणि तिच्यावर अर्ध्याचे दहा अकरांश, ०.४५ व्होल्ट दिसतात. त्या घडीला व्हर्च्युअल ग्राउंड नाही. ऑप-अ‍ॅम्पला हा ०.४५ व्होल्टचा फरक दिसतो आणि आउटपुट पूर्ण वेगाने खाली धावते. पण ७४१ चा पूर्ण वेग, म्हणजे स्ल्यू रेट, मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. पाच व्होल्ट उतरायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात, शेवटी स्थिरावायला आणखी थोडे. तेवढ्या काळात पिन दोनचे व्होल्टेज उतरत उतरत शून्याला येते. पडद्यावर स्क्वेअर वेव्हच्या प्रत्येक कडेला पिन दोनवर एक बारीक टोचा उठलेला दिसतो, एकदा वर, एकदा खाली, आणि मधल्या सपाट भागात शांत रेघ. पिन दोनवर प्रोब लावताना तो दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर ठेवावा. प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स त्या पिनवर जास्त झाली तर सर्किट डगमगायला लागते आणि टोच्यामागे लाटा दिसतात, ज्या मूळच्या नसतात.

साइन वेव्हवरही हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. दोन लाखांचा गेन ७४१ मध्ये फक्त डीसीला आणि त्याच्या आसपास असतो. आतला तो ३० पिकोफॅरड सुमारे ५ हर्ट्झपासूनच गेन खाली आणायला लागतो. फ्रिक्वेन्सी दहापट वाढली की गेन दहापट कमी होतो, असा तो १ मेगाहर्ट्झला १ वर येतो. म्हणजे १ किलोहर्ट्झला A उरला १०००, आणि १० किलोहर्ट्झला फक्त १००.

आता अर्ध्या व्होल्ट पीकची साइन वेव्ह द्या. १ किलोहर्ट्झला आउटपुट ५ व्होल्ट पीक, भागिले १०००: पिन दोनवर ५ मिलिव्होल्ट. १० किलोहर्ट्झला ५० मिलिव्होल्ट, सीआरओवर सहज मोजता येतील एवढे. तरीही तिथे गेन जवळपास १० च राहतो, ९.९४ येतो. हे विद्यार्थ्यांना खटकते: पिन दोनवर इनपुटच्या दहा टक्के व्होल्टेज असताना गेनमध्ये दहा टक्के चूक का दिसत नाही? कारण A इथे नुसता लहान झालेला नाही, तो ९० अंशांनी मागेही पडलेला आहे. त्यामुळे छेदातल्या १ मध्ये ०.११ सरळ मिळत नाही, काटकोनात मिळतो, आणि १ चे १.००६ होते. १०० किलोहर्ट्झला A फक्त १० उरतो, काटकोनातला भाग १.१ होतो आणि गेन ६.७ वर येतो. गेन ०.७०७ पट होतो ती फ्रिक्वेन्सी १ मेगाहर्ट्झ भागिले ११, म्हणजे सुमारे ९१ किलोहर्ट्झ. मात्र ५ व्होल्ट पीकचे आउटपुट हवे असेल तर तिथपर्यंत पोचताच येत नाही. स्ल्यू रेट भागिले 2π गुणिले पीक व्होल्टेज केले की सुमारे १६ किलोहर्ट्झ येतात. त्यापुढे साइन वेव्ह तिकोनी व्हायला लागते. बँडविड्थ मोजताना इनपुट इतके लहान घ्यावे की आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या आत राहील. नाही तर मोजला जातो स्ल्यू रेट आणि जर्नलमध्ये लिहिली जाते बँडविड्थ.

व्हर्च्युअल ग्राउंड मोडण्याची सर्वांत नेहमीची तऱ्हा मात्र सॅच्युरेशनची आहे आणि ती ओळखायला साधा मल्टीमीटर पुरतो. त्यासाठी एक आलेख मनात ठेवावा. आडव्या अक्षावर रेझिस्टन्स घ्या: शून्य ते १० के हा R1, पुढे ११० के पर्यंत Rf. उभ्या अक्षावर त्या त्या ठिकाणचे व्होल्टेज. दोन्हीतून एकच करंट जातो, म्हणून आलेख एक सरळ रेघ होतो. डाव्या टोकाला इनपुटचा अधिक अर्धा व्होल्ट, उजव्या टोकाला आउटपुटचे उणे ५, आणि रेघ बरोबर १० के वर, म्हणजे पिन दोनपाशी, शून्याला छेदते. इनपुट बदलले की डावे टोक हलते आणि रेघ पिन दोनपाशीच शून्याला छेदावी म्हणून ऑप-अ‍ॅम्प उजवे टोक तेवढे हलवतो.

आता इनपुट २ व्होल्ट करा. उजवे टोक उणे २० ला जायला हवे. सप्लाय १५ चा, आणि ७४१ साधारण उणे १३ च्या आसपास थांबतो. रेघ आता अधिक २ पासून उणे १३ पर्यंत. ती शून्याला छेदते ती सुमारे १४.७ के वर, म्हणजे Rf च्या आत कुठेतरी. पिन दोनवर मोजले तर ०.६४ व्होल्ट मिळतात. आउटपुट पाहून कधीकधी गोंधळ होतो, कारण उणे १३ हे एखाद्या बरोबर गेनचेही उत्तर असू शकते. पिन दोन कधी फसवत नाही. तिच्यावर काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसले की सर्किट आपले काम करत नाही हे पक्के, मग कारण सॅच्युरेशन असो, तुटलेला Rf असो, की उणे १५ ची सुटलेली वायर असो. बंद पडलेले सर्किट तपासताना मी पहिला प्रोब सप्लायच्या दोन पिनांवर लावतो आणि दुसरा इथे.

‘काही मिलिव्होल्ट’ असे म्हटले, कारण वर काढलेले २५ मायक्रोव्होल्ट मल्टीमीटरवर दिसणारच नाहीत. चांगल्या अवस्थेतल्या ७४१ च्या पिन दोनवर साधारण एक-दोन मिलिव्होल्ट मिळतात. तो इनपुट ऑफसेट: आतल्या दोन ट्रान्झिस्टरमधला फरक. आउटपुटवर तो ११ पटीने येतो, २ मिलिव्होल्टचे २२. पिन एक आणि पाचमध्ये १० के चा पॉट लावून त्याचे मधले टोक चार नंबरला जोडले की तो शून्य करता येतो.

इनपुट करंट शून्य, या दुसऱ्या गृहीतकाकडेही असेच पाहावे. बहुतेक उत्तरांत कारण दिलेले असते की इनपुट रेझिस्टन्स अनंत आहे. ७४१ चा तो सुमारे २ मेगओहम. त्यावर २५ मायक्रोव्होल्ट पडले तर करंट १२ पिकोअ‍ॅम्पिअरच्या आसपास. खरा करंट तिथून येत नाही. आतल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला चालू राहण्यासाठी लागणारा बायस करंट सुमारे ८० नॅनोअ‍ॅम्पिअर आहे, त्याच्या हजारो पट. आपल्या ५० मायक्रोअ‍ॅम्पिअरपुढे तोही नगण्य, म्हणून गृहीतक चालते. पण कोणी इनपुट रेझिस्टन्स वाढवण्यासाठी R1 एक मेगओहम आणि Rf दहा मेगओहम घेतला, तर सिग्नलचा करंट फक्त अर्धा मायक्रोअ‍ॅम्पिअर आणि त्यातले ८० नॅनो बाजूला गेले. सोळा टक्के. गुणोत्तर तेच असूनही सर्किट बिघडले. आपल्या १०० के वर हा बायस करंट ८ मिलिव्होल्टची चूक करतो. पिन तीन ग्राउंडला सरळ न देता ९.१ के मधून दिली, म्हणजे R1 आणि Rf च्या पॅरलल किमतीइतका रेझिस्टन्स घातला, तर ती बरीचशी जाते. उरतो तो दोन पिनांच्या बायस करंटमधला फरक.

रेझिस्टन्स फार लहान घेण्यालाही अडचण आहे, आणि ती व्हर्च्युअल ग्राउंडमुळेच येते. पिन दोन शून्यावर धरलेली असल्यामुळे सिग्नल देणाऱ्याला R1 थेट ग्राउंडला लावल्यासारखा दिसतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रेझिस्टन्स R1 एवढाच, ऑप-अ‍ॅम्पच्या २ मेगओहमशी त्याचा संबंध नाही. १ के आणि १० के घेऊन गेन १० चे सर्किट बांधले आणि जनरेटरचा आतला रेझिस्टन्स ६०० ओहम असला, तर खरा R1 झाला १.६ के आणि गेन ६.२५. जनरेटर मोकळा असताना इनपुट मोजून ठेवणाऱ्याला हाच गेन दिसतो आणि तो आयसी बदलत बसतो. इनपुट सर्किट जोडल्यावर R1 च्या डाव्या टोकाला मोजले, तर गेन बरोबर १० मिळतो.

आता तो प्रश्न, ज्यात हे सगळे एकत्र येते आणि ज्यावर चांगले विद्यार्थीही अडतात. आपल्याच सर्किटात पिन दोन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ के चा आणखी एक रेझिस्टन्स लावला. गेन किती?

अनेकांचा हात लगेच R1 आणि १ के यांच्या पॅरलल किमतीकडे जातो. आयडियल उत्तर मात्र सरळ आहे. पिन दोन शून्यावर, म्हणून १ के च्या दोन्ही टोकांना शून्य, त्यातून करंट नाही, गेन उणे १० च. दोन गुणांच्या प्रश्नाला एवढे पुरते. पण पाच गुणांच्या प्रश्नात ‘याचा परिणाम सांगा’ असे विचारले, तर खरे उत्तर इथून सुरू होते. आउटपुटचा जो हिस्सा परत येत होता तो आता कमी झाला. १० के आणि १ के मिळून ९०९ ओहम, आणि 1 + Rf/909 म्हणजे १११. आधीच्या ११ च्या जागी १११ बसला. डीसीला गेन ९.९९४ येतो, म्हणजे तिथे काहीच कळत नाही. पण बँडविड्थ ९१ वरून ९ किलोहर्ट्झवर येते. आणि पिन दोनवरचा २ मिलिव्होल्टचा ऑफसेट आउटपुटवर २२ ऐवजी २२२ मिलिव्होल्ट होऊन उभा राहतो. समिंग अ‍ॅम्प्लिफायरला इनपुट वाढवत नेले की हेच घडते. ज्या इनपुटला त्या वेळी सिग्नल नाही पण ग्राउंड आहे, त्याचा रेझिस्टन्स पिन दोनपासून ग्राउंडला लावल्यासारखाच असतो. प्रत्येक इनपुटचा स्वतःचा गेन जसाच्या तसा राहतो आणि सगळ्यांची मिळून बँडविड्थ कमी होत जाते. दहा-दहा के ची दहा इनपुट आणि १०० के चा Rf घेतला, तर तो आकडा १०१ होतो आणि बँडविड्थ १० किलोहर्ट्झच्या आत येते.